‘सत्य की कल्पित?’ विचारण्याआधी : प्रश्नमंजूषा रचणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
वृत्तपत्रांच्या पुरवण्या, संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरील पाने आणि महाविद्यालयीन स्पर्धा यांसाठी प्रश्नमंजूषा रचणारे संपादक व आयोजक

सप्रेम नमस्कार.

‘सत्य घटना की कल्पित?’ ही फेरी आता अनेक करमणूकप्रधान प्रश्नमंजूषांत दिसते. एखाद्या गुन्हे मालिकेतला भाग चार ओळींत सांगायचा, खाली दोन पर्याय द्यायचे आणि उत्तरतालिकेत एक शब्द छापायचा, अशी तिची रीत. फेरी रंगते, याबद्दल वाद नाही. वाद त्या एका शब्दाबद्दल आहे.

हे पत्र लिहिणाऱ्यांत न्यायालयीन बातमीदारी करणारे आहेत, मालिकांच्या संहितांसाठी कागदपत्रे चाळणारे आहेत आणि स्वतः प्रश्न रचणारेही आहेत. तुमच्या उत्तरतालिकेतला ‘सत्य’ हा शिक्का स्पर्धेपुरता राहत नाही. तो कुणा आरोपीला, कुणा सुटलेल्या माणसाला, कुणा मृत मुलीच्या घरच्यांना जाऊन चिकटतो. तुमचे उत्तर पुढची प्रश्नमंजूषा उचलते आणि तिसऱ्या हाताला पोचेपर्यंत त्याचा उगम कुणालाच सांगता येत नाही. म्हणून हे खासगी पत्राने कळवण्याऐवजी सर्वांसमोर मांडत आहोत.

पहिली तक्रार दोन पर्यायांच्या चौकटीबद्दल आहे. गुन्ह्याचे नाट्यरूप दाखवणारे सगळे कार्यक्रम एका जातीचे नसतात. एका टोकाला आवाहनाचे कार्यक्रम आहेत. जर्मनीत झेडडीएफ वाहिनीवर २० ऑक्टोबर १९६७ रोजी ‘आक्टेनत्साइशेन एक्सवाय’ सुरू झाला, ब्रिटनमध्ये जून १९८४ पासून २०१७ पर्यंत बीबीसीचा ‘क्राइमवॉच’ चालला. तिथे गुन्हा उकललेला नसतो. प्रसंग उभा करायचा तो प्रेक्षकांपैकी कुणाला तरी काही आठवावे म्हणून. त्यामुळे नाव खरे, तारीख खरी, रस्ता खरा, अंगावरच्या कोटाचा रंगही खरा, आणि शेवटी पोलिसांचा फोन नंबर. जे कुणी पाहिलेले नाही ते अशा कार्यक्रमात शक्यतो दाखवत नाहीत, आणि त्याला कारण आहे. खोटा तपशील पडद्यावर आला तर साक्षीदार पुढे तोच ‘आठवून’ सांगू लागतो आणि तपास बिघडतो.

दुसऱ्या टोकाला ‘सीआयडी’. जानेवारी १९९८ मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका रचलेल्या कथांची. एसीपी प्रद्युम्न, अभिजीत आणि दया ही पात्रे लेखकांची. ७ नोव्हेंबर २००४ रोजी तिचा १११ मिनिटांचा एक भाग सलग एकाच शॉटमध्ये चित्रित करून दाखवला गेला. प्रश्नमंजूषेला असली माहिती खरी सोन्यासारखी, कारण ती मालिकेबद्दल आहे आणि तपासता येते.

या दोन टोकांच्या मधला पट्टा मोठा आहे आणि तुमचे बहुतेक प्रश्न तिथलेच असतात. २००३ मध्ये सुरू झालेली ‘क्राइम पेट्रोल’ आणि २०१२ पासूनची ‘सावधान इंडिया’ ही त्यातली ठळक नावे. या पट्ट्यातला भाग कसा बनतो ते पाहिले की दोन पर्याय का पुरत नाहीत ते कळते. हाताशी असतात एफआयआर, दोषारोपपत्र, स्थानिक बातम्या आणि जमल्यास तपास अधिकाऱ्याशी झालेले बोलणे. त्यावरून घटनाक्रम लिहिला जातो. मग नावे बदलतात. अनेकदा गाव बदलते. कित्येक महिन्यांचा तपास पाऊण तासात बसवायचा म्हणून चार पोलिसांचा मिळून एक इन्स्पेक्टर होतो, तीन शेजाऱ्यांची मिळून एक शेजारीण होते. संशयाची सुई फिरावी म्हणून कागदावर कुठेही नसलेला एखादा मेहुणा किंवा भाडेकरू आत येतो. आणि शेवटी लिहिले जातात त्या खोलीतले संवाद, जिथे मारणारा आणि मरणारा याशिवाय तिसरे कुणी नव्हते.

म्हणजे एकाच भागाबद्दल तीन निराळे प्रश्न उभे राहतात. असा गुन्हा घडला का? दाखवलेली माणसे आणि ठिकाणे खरी आहेत का? आणि दाखवलेला प्रसंग तसाच घडला याला पुरावा काय? ‘सत्य’ हे उत्तर फार तर पहिल्या प्रश्नाचे असते. वाचणारा मात्र ते तिन्हींचे समजतो.

यातला तिसरा प्रश्न जरा उलगडून सांगायला हवा, कारण नेमका तोच प्रसंग तुमच्या वर्णनात येतो. बहुतेक भागांचा शेवट ठरलेला असतो : पोलीस ठाण्यातली खोली, आरोपीची मान खाली, ‘हो साहेब, मीच केलं’, आणि लगेच खुनाचे दृश्य. भारतीय कायद्यात पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचे कलम २५ हेच सांगत होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३ही तेच सांगते. त्या जबाबामुळे एखादी वस्तू सापडली, समजा विहिरीतून कोयता निघाला, तर सापडण्याशी थेट जोडलेला तेवढाच भाग न्यायालय विचारात घेते. पडद्यावरचे सर्वांत ठसठशीत दृश्य बहुधा अशा जबाबावर उभे असते, ज्याच्याकडे न्यायाधीश पुरावा म्हणून बघूच शकत नाहीत. आणि आपण प्रश्नात लिहितो, ‘त्याने आधी तिला झोपेची गोळी दिली आणि मग...’ उत्तर : सत्य.

दुसरी तक्रार उत्तरासोबतच्या स्पष्टीकरणांबद्दल आहे. ‘भागात तारीख आणि वेळ दिसते’, ‘गावाचे खरे नाव आहे’, ‘सूत्रसंचालक शेवटी निकाल सांगतो’ ही कारणे वारंवार दिली जातात. यातले एकही कारण पुरेसे नाही. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ ही मांडणीची पद्धत आहे आणि ती कुठल्याही कल्पित कथेवर चिकटवता येते. गाव बदललेले असते तेव्हा बदलून घेतलेले गावही खरेच असते. पुणे नकाशावर आहे म्हणून पुण्यात दाखवलेला खून पुण्यात झाला असे होत नाही. निकाल सांगणारे वाक्य त्यातल्या त्यात उपयोगी, पण त्यात न्यायालयाचे नाव आणि वर्ष असेल तरच. ‘आरोपींना कठोर शिक्षा झाली’ एवढ्यावर काहीच तपासता येत नाही.

याहून घातक खूण म्हणजे विचित्रपणा. ‘इतके चमत्कारिक आहे म्हणजे रचलेलेच असणार’, किंवा हल्ली त्याच्या उलट, ‘इतके चमत्कारिक कुणाला सुचणार, म्हणजे खरेच असणार’. एक उदाहरण घ्या. न उकललेले गुन्हे दाखवणाऱ्या कार्यक्रमाची निवेदिका स्वतःच्या दारात गोळी लागून मरते आणि त्याच कार्यक्रमात पुढे तिच्या खुनाचे नाट्यरूप दाखवून प्रेक्षकांना माहिती विचारली जाते. संहितेच्या बैठकीत कुणी हे सुचवले तर ‘फारच जुळवून आणलेले’ म्हणून फेटाळले जाईल. पण ‘क्राइमवॉच’ची निवेदिका जिल डँडो हिची २६ एप्रिल १९९९ रोजी लंडनमध्ये तिच्या घराच्या दारातच हत्या झाली आणि मे महिन्यात त्याच कार्यक्रमाने तिच्या अखेरच्या सकाळचे पुनर्निर्माण दाखवले. २००१ मध्ये एका माणसाला शिक्षा झाली, पुढे ती रद्द झाली आणि २००८ मध्ये फेरसुनावणीत तो निर्दोष सुटला. गुन्हा उकललेला नाही. विचित्रपणाला रचलेपणाची खूण मानणारा स्पर्धक इथे चुकतो आणि त्याला चूक ठरवणारी तालिका बरोबर असते. पण २००५ सालची तालिका ‘खुनी पकडला गेला’ असे म्हणत असेल, तर ती आज चुकीची आहे. या मुद्द्याकडे पुन्हा येऊच.

सूचनापाटीबद्दलही हेच. सुरुवातीला काळ्या पडद्यावर काही सेकंद येणारा मजकूर बहुतेक जण वाचत नाहीत, आणि जे वाचतात ते त्यातले एकच वाक्य धरतात. त्या पाटीत सहसा तीन दावे असतात : नावे बदलली आहेत, काही प्रसंगांचे नाट्यरूपांतर केले आहे, कुणाशी साम्य आढळल्यास योगायोग समजावा. पहिली दोन वाक्ये खऱ्या प्रकरणाकडे बोट दाखवतात, तिसरे ते नाकारते. ही तिन्ही एकत्र येतात, कारण पाटीचा मसुदा वकील करतात आणि त्यांना दाव्यापासून बचाव हवा असतो. अमेरिकेतली ‘लॉ अँड ऑर्डर’ ही मालिका ताज्या बातम्यांवरून कथा उचलते हे उघड गुपित, तरी कथा काल्पनिक असल्याची पाटी ती लावते. तिच्या एका भागात भारतीय वंशाच्या, टक्कल असलेल्या वकिलाचे भ्रष्ट पात्र होते. न्यूयॉर्कमधल्या भारतीय वंशाच्या एका वकिलाने ते आपल्यावरूनच बेतल्याचे सांगून बदनामीचा दावा लावला, आणि २००८ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो दावा प्राथमिक पायरीवर फेटाळायला नकार दिला. ‘काल्पनिक’ म्हटल्याने भाग काल्पनिक ठरत नाही आणि ‘सत्य घटनेवर आधारित’ म्हटल्याने खराही ठरत नाही. पाटी हा पुरावा आहे, पण निर्माता काय म्हणतो एवढ्याचाच.

आता एक प्रकरण नीट उलगडून पाहू, कारण तशा वर्णनाचा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत फिरतो आहे. नमुना असा :

‘एका मालिकेच्या भागात तरुण आपल्या जोडीदार तरुणीचा खून करून मृतदेहाचे तुकडे फ्रिजमध्ये ठेवतो. हा भाग सत्य घटनेवर आधारित आहे. सत्य की असत्य?’ उत्तर : सत्य, दिल्ली, २०२२.

हा भाग ‘क्राइम पेट्रोल’मध्ये डिसेंबर २०२२ च्या अखेरीस आला. पात्रांची नावे मिहिर आणि अ‍ॅना फर्नांडिस, शहरे अहमदाबाद आणि पुणे. त्याआधी सुमारे दीड महिना, नोव्हेंबरमध्ये, वसईच्या एका तरुणीची दिल्लीतल्या मेहरौली भागात मे महिन्यात झालेली हत्या उघडकीस आली होती. प्रेक्षकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. आरोपी आणि मृत तरुणी यांचा धर्म बदलून दाखवला, असा आक्षेप घेत समाजमाध्यमांवर वाहिनीविरुद्ध मोहीम उघडली गेली. त्यावर वाहिनीने निवेदन काढले. भाग काल्पनिक आहे, तो २०११ मधल्या काही खऱ्या घटनांवरून सुचलेला आहे, अलीकडच्या कुठल्याही प्रकरणाशी त्याचा संबंध नाही, तरी प्रेक्षकांच्या भावनांचा आदर करून त्याचे प्रसारण थांबवले आहे, असा त्याचा आशय होता. सोबत दिलगिरीही होती.

आता उत्तरतालिकेतल्या ‘दिल्ली, २०२२’ला आधार काय? जोडीदाराने केलेला खून, मृतदेहाची विल्हेवाट आणि फ्रिज, एवढ्या गोष्टी जुळतात. शहर जुळत नाही, नावे जुळत नाहीत, आणि निर्माता सांगतो ते वर्ष अकरा वर्षे मागचे आहे. राहिला फ्रिज. तर ऑक्टोबर २०१० मध्ये डेहराडून इथे एका सॉफ्टवेअर अभियंत्याने पत्नीचा खून करून मृतदेह डीप फ्रीझरमध्ये ठेवला होता. ते डिसेंबरमध्ये उघडकीस आले आणि २०१७ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. मृत स्त्री जिवंत आहे असे तिच्या माणसांना भासवत राहणे हा तपशील त्या प्रकरणात होता, आणि दिल्लीच्या प्रकरणात पोलिसांनी केलेल्या आरोपातही तो आहे. एरवी ज्याला आपण ‘अगदी तीच केस’ म्हणू, असा तपशील दोन वेगळ्या प्रकरणांत सापडतो. म्हणून आमचा आग्रह आहे की गुन्ह्याच्या पद्धतीवरून प्रकरण ओळखू नये. पद्धती पुन्हा पुन्हा येतात. ओळख पटते ती घटना उघडकीला कशी आली यावरून : तक्रार कुणी आणि किती दिवसांनी दिली, पोलीस दारापर्यंत कोणत्या धाग्याने पोचले, न्यायालयाने काय मानले आणि काय नाकारले.

डेहराडून हेच वाहिनीच्या मनातले प्रकरण होते असेही आम्ही म्हणत नाही. निवेदनात ‘२०११ मधल्या घटना’ एवढेच होते, आणि घटना हा शब्द अनेकवचनी होता. म्हणजे एकाहून अधिक प्रकरणांचे मिश्रण, ज्याला ‘सत्य’ किंवा ‘असत्य’ यांपैकी कुठल्याच कप्प्यात टाकता येत नाही. प्रामाणिक उत्तर दोन ओळींचे होते : निर्मात्याच्या म्हणण्यानुसार काल्पनिक, जुन्या अनिर्दिष्ट घटनांवरून सुचलेला; प्रेक्षकांना मात्र २०२२ च्या प्रकरणाशी साम्य वाटले. दोन ओळी चौकटीत मावत नसतील तर प्रश्न बदला. ‘ताज्या हत्या प्रकरणाशी साम्य असल्याच्या आक्षेपानंतर २०२२ च्या अखेरीस कोणत्या मालिकेने आपला भाग मागे घेतला?’ हा प्रश्न तितकाच रंजक आहे आणि त्याचे उत्तर ठाम आहे. तुम्हाला खरे तर हेच विचारायचे होते.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे आणि तिच्याबाबत तडजोड नको. ‘मालिकेत अमुक नावाने दाखवलेली मुलगी प्रत्यक्षात कोण?’ असे प्रश्न लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांवर विचारले जातात. मालिकेने नाव बदलले ते हौसेने नव्हे. अशा गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड होईल असा कुठलाही मजकूर छापणे किंवा प्रसिद्ध करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. आधी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ हेच सांगत होते. पीडित व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ हेही लागू होतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये स्पष्ट केले की पीडिता हयात नसली तरी तिचे नाव सरसकट प्रसिद्ध करता येत नाही, आणि नाव न लिहिता आडून ओळख पटवणारा तपशील देणेही चालत नाही.

इथे प्रश्न रचणारा बेसावध असतो, कारण त्याने नाव लिहिलेले नसते. पण तालुका, वर्ष, शाळेचे नाव आणि वडिलांचा व्यवसाय या चार गोष्टी एका वाक्यात आल्या की गावातल्या कुणालाही नाव सांगावे लागत नाही. मालिकेने झाकलेले तुम्ही चार पर्यायांत उघडता आणि स्पर्धकाला त्याबद्दल गुणही देता. गंमत म्हणून विचारला होता, हा कायद्यापुढे बचाव नाही, आणि त्या घरापुढे तर नाहीच.

चौथी तक्रार छोटी आहे : तालिकेवर तारीख नसते. १९९८ मध्ये झी टीव्हीवर ‘इंडियाज मोस्ट वॉन्टेड’ हा फरार गुन्हेगारांचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे सूत्रसंचालक सुहैब इलियासी यांना पत्नीच्या मृत्यूप्रकरणी डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मधल्या दहा महिन्यांत रचलेला ‘गुन्हेगार शोधणारा कोणता सूत्रसंचालक स्वतः खुनी ठरला?’ हा प्रश्न तेव्हा बरोबर होता, आज तो एका निर्दोष सुटलेल्या माणसाची बदनामी करतो. गुन्ह्यावरचा प्रश्न भूगोलाच्या प्रश्नासारखा एकदा रचून वर्षानुवर्षे वापरता येत नाही. अपील असते, फेरसुनावणी असते, शिक्षा रद्द होते. वापरण्याआधी दर वेळी निकालाची स्थिती पाहणे हे काम आहे, आणि ते जमणार नसेल तर तो प्रश्न पेटीतून काढून टाकलेला बरा.

‘एवढे तपासायला वेळ कुणाला?’ हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. पण भाग सापडला असेल तर सरळ प्रकरणाला तासाभराहून अधिक लागू नये. आधी तो भाग वाहिनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर किंवा अधिकृत पानावर उघडा. दुसऱ्यांनी चढवलेल्या तुकड्यांत सुरुवातीची पाटी बहुधा कापलेली असते आणि शीर्षकही बदललेले असते. ‘सच्ची घटना’ असे भडक अक्षरांत लिहिणारा अनेकदा तुकडा चढवणारा असतो, निर्माता नव्हे. पाटीवर चित्र थांबवून मजकूर शब्दशः उतरवून घ्या. पहिल्या प्रसारणाची तारीख टिपा. मग घटना उघडकीला कशी आली ते एका ओळीत लिहा आणि त्या शब्दांनी बातम्या शोधा, पण प्रसारणाच्या आधीच्याच. गूगलमध्ये शोधशब्दांपुढे असे लिहिले की नंतरची पाने बरीचशी गळतात :

```
before:2022-12-20
```

हे महत्त्वाचे अशासाठी की प्रसारणानंतरचे अनेक लेख त्या भागावरूनच लिहिलेले असतात. भाग खरा असल्याचा पुरावा म्हणून लेख दाखवायचा आणि लेखाचा आधार तोच भाग, असे वर्तुळ तयार होते. प्रसारणाआधीची बातमी मिळाली की न्यायालयाचा कागद शोधा. उच्च न्यायालयांचे निकाल `judgments.ecourts.gov.in` इथे आणि जिल्हा न्यायालयांतल्या खटल्यांची स्थिती `services.ecourts.gov.in` इथे पाहता येते. बातमी आणि कागद दोन्ही मिळाले तरच ‘खरे प्रकरण’ म्हणा. फक्त बातमी मिळाली तर ‘बातम्यांनुसार’. काहीच मिळाले नाही तर ‘कल्पित’ असे नव्हे, तर ‘ठरवता येत नाही’. नावे आणि गाव बदललेल्या भागाबाबत बऱ्याचदा हेच शेवटचे उत्तर हाती लागते. तो तुमचा नालायकपणा नाही, नावे बदलण्याचा तोच तर हेतू होता.

एक तिरकस खूण मात्र खरोखर चालते, ती इथेच सांगून टाकतो. दर आठवड्याला तेच अधिकारी, त्यांची घरची भांडणे, त्यांच्या बढत्या-बदल्या असतील तर निदान चौकट रचलेली आहे हे नक्की. मराठीतली ‘लक्ष्य’ घ्या. तिच्यातले अधिकारी भागामागून भाग तेच असत. गुन्ह्याचे बीज बातमीतून आलेले असले तरी तो त्या पात्रांनी उकलला हे कधीच सत्य असू शकत नाही. तेव्हा ‘अमुक इन्स्पेक्टरने हे प्रकरण उकलले, सत्य की असत्य?’ असे विचारताना पात्राचे नाव घालू नका.

आमच्या मागण्या अशा :

दोन पर्यायांची चौकट बंद करा. त्याऐवजी पाच ठेवा : खऱ्या नावांनिशी केलेले पुनर्निर्माण, नावे बदललेले खरे प्रकरण, घटनेवरून सुचलेली कथा, पूर्ण कल्पित, आणि ठरवता येत नाही.

प्रश्नात मालिकेचे नाव आणि प्रसारणाचा निदान महिना व वर्ष द्या. ‘एका मालिकेत’ असे मोघम लिहू नका, म्हणजे वाचकालाही पडताळता येईल. वर्णन करताना ‘भागात दाखवले आहे की’ हे शब्द जागेवर ठेवा. ‘त्याने तिला मारले’ आणि ‘भागात तो तिला मारताना दाखवला आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत आणि पहिल्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

उत्तरासोबत आधार आणि तपासल्याची तारीख छापा. खटला चालू असेल तर तसे लिहा, आणि निकाल लागेपर्यंत दोष कुणाचा हे विचारू नका.

लैंगिक अत्याचाराची आणि अल्पवयीनांशी संबंधित प्रकरणे ओळखण्याच्या प्रश्नांतून पूर्णपणे वगळा. जुन्या प्रश्नसंचांतले असे प्रश्न आजच काढून टाका, संकेतस्थळावरची पानेही हटवा. या एका मागणीसाठी आम्ही मुदत देत नाही.

चूक आढळली तर दुरुस्ती त्याच पानावर, प्रश्न जिथे होता तिथेच छापा. ज्या स्पर्धांत अशा प्रश्नावरून गुण दिले वा कापले गेले, तिथे तो प्रश्न रद्द धरून निकाल पुन्हा लावा. आणि दुरुस्ती कळवण्यासाठी एक पत्ता जाहीर करा, ज्यावर आलेले पत्र कुणीतरी वाचते.

कळावे,

आपले,
न्यायालयीन बातमीदार, संहिता-संशोधक आणि प्रश्न रचणारे काही सहकारी